आलेखाचे सेलला जोडलेले शीर्षक

एक्सेलमधील आलेखाचे शीर्षक किंवा मजकूर-चौकट हाताने न लिहिता एखाद्या सेलला बांधून ठेवण्याची पद्धत. सेलमधला मजकूर बदलला की शीर्षक आपोआप बदलते. रोज तोच आलेख नव्या आकड्यांनिशी पाठवावा लागतो तिथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते. नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या भावांचा तक्ता ठेवणाऱ्याला हा प्रश्न रोजच पडतो. आलेखातली रेघ पुढे सरकते, पण वर कालचीच तारीख राहते, आणि आलेख मोबाईलवर पाहणारा आधी तारीखच वाचतो.

जोडणी करताना शीर्षकावर एकदाच क्लिक करतात. चौकट दिसली पाहिजे, आत कर्सर लुकलुकता कामा नये. मग वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचे चिन्ह टाइप करून हवा तो सेल माऊसने निवडायचा आणि एंटर दाबायचे. सेल माऊसने निवडला की शीटचे नाव आपोआप येते. चिन्ह फॉर्म्युला बारऐवजी थेट शीर्षकातच टाइप केले तर जोडणी होत नाही, तो नुसता मजकूर ठरतो. मजकूर-चौकटीलाही हीच रीत लागू आहे. तिची कड धरून ती निवडावी लागते. आलेख आधी निवडून मगच चौकट घातली तर ती आलेखासोबत हलते.

```
=Bhav!$H$1
```

शीर्षकात फक्त असा सेलचा पत्ता चालतो, जोडाजोड करणारे सूत्र चालत नाही. म्हणून वाक्य आधी एका मदतीच्या सेलमध्ये तयार करावे लागते. खरे काम तिथेच आहे.

समजा, `Bhav` या शीटमध्ये `A` स्तंभात तारीख आणि `E` स्तंभात उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण भाव आहे. `H3` मध्ये शेवटची तारीख, `H2` मध्ये त्या दिवसाचा भाव आणि `H1` मध्ये पूर्ण वाक्य, अशी मांडणी सोयीची पडते:

```
H3: =MAX(A2:A400)
H2: =INDEX(E2:E400,MATCH(H3,A2:A400,0))
H1: ="उन्हाळ कांदा: ₹"&TEXT(H2,"#,##0")&" प्रति क्विंटल, "&TEXT(H3,"dd-mm-yyyy")
```

१४ मे २०२५ रोजी भाव १,४५० रुपये भरला, तर शीर्षक असे उमटते:

```
उन्हाळ कांदा: ₹1,450 प्रति क्विंटल, 14-05-2025
```

`TEXT` वगळले तर तारखेच्या जागी 45791 असा आकडा येतो, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवते आणि `&` ने जोडताना सेलचे दिसणे सोबत येत नाही. महिन्याचे नाव मराठीत हवे असेल तर `"[$-44E]d mmmm yyyy"` असा साचा देता येतो.

`H3` मध्ये `TODAY()` घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. लिलाव बंद असतील त्या दिवशी `A` स्तंभात आजची तारीख नसते, म्हणून `H2` मधल्या `MATCH` ला काही सापडत नाही आणि शीर्षकात `#N/A` येते. `MAX` शेवटच्या नोंदीपाशीच थांबते.

पण `MAX` ला तारीख खरी तारीख असावी लागते. संगणकाची प्रादेशिक मांडणी महिना-आधी अशी असेल, तर 14-05-2025 टाइप केल्यावर चौदावा महिना नसल्याने ती नोंद मजकूर म्हणून पडते आणि शीर्षक जुन्याच तारखेवर अडकते. अशी नोंद सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे असते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत धोका अधिक छुपा आहे: 12-05-2025 ही ५ डिसेंबर समजली जाते, आणि मग `MAX` तिथेच मुक्काम ठोकते. पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर भरल्या तरी शीर्षक डिसेंबरच दाखवत राहते. शीर्षकात पुढची तारीख दिसली की पूर्ण तक्ता `A` स्तंभानुसार उतरत्या क्रमाने लावून सर्वांत वरची खरी तारीख तपासावी. एकही नोंद खरी तारीख नसेल तर `H3` मध्ये तारखेच्या साच्यात 00-01-1900 उमटते आणि पाठोपाठ `H2` मध्ये `MATCH` ला काही सापडत नाही, म्हणून सेलमध्ये आणि शीर्षकात `#N/A` येते.

जोडणी तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कुणीतरी शीर्षकात जाऊन शब्द दुरुस्त करणे. तसे केले की तो मजकूर तिथल्या तिथे गोठतो आणि काही सूचनाही मिळत नाही. शीर्षक निवडून फॉर्म्युला बारकडे पाहिले की उलगडा होतो: पत्ता दिसत नसेल तर जोडणी गेली. दुरुस्ती नेहमी `H1` मध्ये करावी. जोडलेल्या शीर्षकात एखादाच शब्द ठळक किंवा रंगीत करता येत नाही, आणि २५५ अक्षरांपुढचा मजकूर दिसत नाही. आवक, किमान आणि कमाल भाव असे बरेच सांगायचे असेल तर दुसरी मजकूर-चौकट वेगळ्या सेलला जोडावी. ओळ तोडायची तर सूत्रात `CHAR(10)` घालावे.