पायऱ्यांची अदलाबदल आणि शून्यावर अडलेली मोजणी

कन्व्हेअरवरून जाणारी खोकी पीएलसीने, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरने, मोजायची आहेत. खोकं सेन्सरसमोर असेपर्यंत, समजा ०.४ सेकंद, I0.0 हा इनपुट चालू राहतो. पण पीएलसी सेन्सरकडे सतत बघत नसतो.

तो फेऱ्या मारतो. एका फेरीला स्कॅन म्हणतात. प्रत्येक स्कॅनमध्ये तो इनपुटची स्थिती एकदाच वाचून मेमरीतल्या इनपुट इमेज टेबलमध्ये उतरवून घेतो. मग त्या टेबलाकडे बघत लॅडरच्या, म्हणजे शिडीसारख्या मांडलेल्या प्रोग्रॅमच्या, पायऱ्या वरून खाली सोडवतो. आउटपुटची उत्तरं आउटपुट इमेज टेबलमध्ये साठतात आणि पायऱ्या संपल्यावर टर्मिनलवर जातात. त्यामुळे तिसऱ्या पायरीला खोकं दिसलं आणि तिसाव्या पायरीला दिसलंच नाही, असा घोळ होत नाही.

स्कॅन १० मिलिसेकंदांचा धरला, तर एक खोकं ४० स्कॅनमध्ये दिसतं. 'खोकं असेल तर एक मिळव' एवढंच लिहिलं, तर एका खोक्याची चाळीस खोकी होतात. म्हणून खोकं नुकतंच आलं तो एकच स्कॅन पकडायचा:

```
1 |--[ I0.0 ]--[/ M0.0 ]----( M0.1 )
2 |--[ I0.0 ]---------------( M0.0 )
3 |--[ M0.1 ]---------------[INC MW10]
```

तिरकी रेघ म्हणजे 'बंद असेल तर', आणि INC म्हणजे MW10 मधला आकडा एकने वाढव. M0.0 आणि M0.1 हे मेमरीतले बिट. M0.0 मध्ये मागच्या स्कॅनची आठवण असते. खोकं येतं त्या स्कॅनमध्ये पहिल्या पायरीला I0.0 चालू आणि M0.0 अजून बंद दिसतो, म्हणून M0.1 चालू होतो. दुसरी पायरी लगेच M0.0 चालू करते. पुढच्या स्कॅनपासून पहिली पायरी अडते. मोजणी: एक.

आता पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल करा. M0.0 आधीच चालू होतो, आणि M0.1 ची पायरी येते तेव्हा तिला तो चालूच दिसतो. M0.1 कधीच चालू होत नाही, मोजणी शून्य. इनपुटचं टेबल स्कॅनभर गोठलेलं असतं, मेमरी बिट मात्र लिहिताक्षणी बदलतो, आणि खालच्या पायरीला नवी किंमत मिळते. रिलेच्या पॅनेलमध्ये सगळ्या पायऱ्यांना एकाच वेळी वीज मिळते, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला ही चूक डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

क्रम बदलला की दरवेळी बिघडतंच असंही नाही. तिसरी पायरी सगळ्यात वर नेली, तर मोजणी एक स्कॅन उशिरा होते, पण आकडा बरोबरच येतो.

असा दोष शोधताना स्क्रीनवर M0.1 कडे टक लावून बसण्यात अर्थ नाही. प्रोग्रॅम बरोबर असला तरी तो १० मिलिसेकंदच चालू असतो, आणि स्क्रीन सहसा त्याहून सावकाश ताजी होते. त्याऐवजी M0.1 च्या पायरीनंतर तात्पुरती एक पायरी घालून M0.1 ने दुसरा बिट सेट करावा, म्हणजे एकदा चालू झाला की तो चालूच राहतो. तो सेट झाला, तर पल्स येऊन गेली.

रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्स या पीएलसीमध्ये मात्र इनपुट स्कॅनच्या मध्येही बदलू शकतात. म्हणून तिथले प्रोग्रॅमर बऱ्याचदा सुरुवातीलाच इनपुटची प्रत स्वतः काढून ठेवतात आणि पुढच्या पायऱ्यांत तीच वापरतात.