राजीनामा मंजूर झाला म्हणजे सगळं संपलं?

"नोटीस पिरियड सुरू झालाय, मॅनेजर म्हणतो राजीनामा मंजूर झाला, आता मागं घेता येत नाही. खरंय का?"

बहुतेक वेळा नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीपासून खानापूरपर्यंत हेच ऐकायला मिळतं, पण बघायची ती मंजुरीची तारीख नव्हे, राजीनामा लागू होण्याची. बेंगळुरूच्या बीईएमएलची केस बघा की. एकानं 4 जानेवारी 1993 ला राजीनामा दिला, कंपनीनं त्याच दिवशी मंजूर पण केला, वर रजा देऊन 15 तारखेला सोडतो म्हणून कळवलं, ह्यानं 8 लाच तो मागं घेतला तर कंपनी ऐकेना, शेवटी 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, कारण 15 पर्यंत नोकरी चालूच होती.

पण तुम्हीच "आजपासून" लिहिलं आणि त्यांनी तसंच मंजूर केलं तर संपलं. कंपनीच्या नियमात वेगळं असलं तरी अडतं. शिवाय बीईएमएल सरकारी कंपनी, खाजगीतल्या मॅनेजर लोकांना कोर्ट सहसा नोकरी परत देत नाही, भरपाईवर भागवतं. कामगाराला मात्र लेबर कोर्ट आहे. म्हणून शेवटच्या दिवसाआधी लेखी द्या, पोच घ्या, तोंडी सांगून काय उपयोग नाही.

आणि राजीनामा मंजूरच करत नाहीत म्हणून कोण अडवत असेल, तर नोटीस पूर्ण भरल्यावर जबरदस्तीनं कामावर ठेवता येत नाही. चौकशी चालू असेल किंवा नियमातच मंजुरीची अट असेल, तेवढाच अपवाद.