हजेरीचं घड्याळ लॉगिनच्या आत गेलं तेव्हा

कॉल सेंटर किंवा बॅक ऑफिसमध्ये काम करणाऱ्याला आज शिफ्टला 'पंच' करायचं तर आधी कंपनीच्या खात्यात शिरावं लागतं. पासवर्ड टाकला की खातं फोनवर मंजुरी मागतं. ती मिळाली की सिंगल साइन-ऑनच्या वाटेने हजेरीचं ॲप उघडतं आणि तेव्हा कुठे पंचाचं बटण दिसतं. मधली एक कडी तुटली की माणूस खुर्चीत वेळेवर बसलेला असूनही कागदोपत्री गैरहजर ठरतो. हजेरी आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकत्र कशा आल्या, याला इतिहास आहे.

अमेरिकेत ऑबर्नचा सराफ विलार्ड बंडी याने १८९० च्या सुमारास हजेरीच्या घड्याळाचं पेटंट घेतलं. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या क्रमांकाची किल्ली असे. ती घड्याळात घालून फिरवली की कागदी पट्टीवर क्रमांक आणि वेळ उमटे. पुढे कार्डं आली, बंडीची कंपनी विलीनीकरणांतून शेवटी आयबीएममध्ये गेली, पण एक गोष्ट तशीच राहिली. हे घड्याळ फक्त वेळ नोंदवायचं, कुठलंही दार उघडायचं नाही. किल्ली घरी विसरली तर टाइमकीपर हाताने नोंद करी आणि माणूस कामाला लागे. आपल्याकडच्या कारखान्यांतही मस्टर आणि पंचिंग मशीन गेटवर असत, आणि चुकलेली नोंद सुपरवायझरच्या सहीने दुरुस्त होई.

कॉल सेंटरने हे बदललं. तिथे कामच मुळी कॉम्प्युटरवर, म्हणून हजेरीही कॉम्प्युटरवर गेली. मार्च २००५ मध्ये एसएएमएल २.० हे मानक आलं आणि एका लॉगिनवर अनेक ॲप उघडणं सोपं झालं. मग हजेरी, पगार, रजा सगळं त्या एका लॉगिनमागे गेलं. कंपन्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, कारण नोकरी सोडणाऱ्याचं एक खातं बंद केलं की सगळी दारं बंद होतात. दुसऱ्या टप्प्याची तपासणी, म्हणजे पासवर्डनंतर मागितली जाणारी मंजुरी किंवा कोड, नंतर त्याच दारावर बसली. २०२० मध्ये लोक घरून काम करू लागल्यावर ती जवळपास सगळीकडे आली, आणि बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आली. यातली विसंगती ऑफिसात परतल्यावर उघडी पडली. ज्या फ्लोअरवर ग्राहकांच्या कार्डांची माहिती हाताळतात तिथे मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि लॉगिन मात्र मोबाइलवरची मंजुरी मागतं. अशा फ्लोअरवर यूएसबीत लावायची सुरक्षा-किल्ली किंवा आकडे दाखवणारा छोटा टोकन द्यायला हवा. तो न देता मोबाइलबंदी लावणं म्हणजे रोजच्या खोळंब्याची सोय करून ठेवणं.

कामाची वेळ कुठून मोजायची, हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला. तिथल्या कामगार खात्याने जुलै २००८ च्या कॉल सेंटरविषयीच्या पत्रकातच म्हटलं होतं की कॉम्प्युटर सुरू करून कामाची ॲप्स उघडणं ही दिवसाच्या कामाची सुरुवात धरता येते. तरी लास वेगासमधल्या एका कॉल सेंटरच्या कामगारांना ते झगडूनच मिळवावं लागलं. त्यांना आधी कॉम्प्युटर सुरू करून लॉगिन करावं लागे आणि मगच हजेरीचा प्रोग्राम उघडता येई. 'कडेना विरुद्ध कस्टमर कनेक्स' या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की कॉम्प्युटर चालू करणं हा त्यांच्या कामाचा अविभाज्य भाग आहे, म्हणून तो वेळ पगारात धरायला हवा. तो वेळ इतका किरकोळ आहे का की सोडून द्यावा, हा मुद्दा मात्र खालच्या कोर्टाकडे परत गेला. हा निकाल अमेरिकेतल्या नोकरदारांपुरता आहे. पुण्यात बसून अमेरिकन ग्राहकांचे फोन घेणाऱ्याला तो लागू होत नाही. त्यातला मुद्दा तरी ध्यानात ठेवण्यासारखा आहे: नोंद झाली कधी आणि काम सुरू झालं कधी, या दोन वेगळ्या वेळा असू शकतात.

मग अडकलेल्याला पटकन आत का घेत नाहीत? याचं उत्तर गेल्या काही वर्षांतल्या हल्ल्यांत आहे. 'मी अमुक, फोन बदलला, कोड येत नाही, शिफ्ट सुरू होतेय' ही अडकलेल्या कर्मचाऱ्याची तक्रार असते, आणि चोराची बतावणीही शब्दशः हीच असते. ऑगस्ट २०२३ मध्ये क्लोरॉक्स कंपनीवर सायबर हल्ला झाला. जुलै २०२५ मध्ये तिने आपली हेल्पडेस्क सेवा पाहणाऱ्या कॉग्निझंटवर ३८ कोटी डॉलरचा दावा लावला. आरोप असा की फोन करणाऱ्याची ओळख न पटवताच पासवर्ड आणि दुसरा टप्पा रीसेट करून दिला. कॉग्निझंटने आरोप फेटाळले, आपली जबाबदारी मर्यादित होती असं सांगितलं. दाव्याचं काहीही होवो, अशा घटनांनंतर हेल्पडेस्कवर फक्त एम्प्लॉयी नंबर आणि जन्मतारीख सांगून काम भागणं थांबत गेलं. आता एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर उलट फोन येतो, मॅनेजरची खात्री घेतली जाते, कुठे व्हिडिओवर ओळखपत्र दाखवावं लागतं. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. अयोग्य आहे ते त्या दिरंगाईचा लेट मार्क कर्मचाऱ्याच्या माथी मारणं.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते एका नमुन्यावर पाहू. संध्याकाळी साडेसहाची शिफ्ट. कर्मचाऱ्याने रविवारी जुना हँडसेट एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर हे मंजुरी देण्याचं ॲप बॅकअपमधून परत आणलं आणि ॲपमध्ये कंपनीच्या खात्याचं नावही दिसलं, म्हणून तो निर्धास्त होता. सोमवारी ६:२० ला लॉगिन केलं, पडद्यावर दोन आकडी संख्या आली, फोनवर मात्र काहीच नाही. बॅकअपमधून कंपनीच्या खात्याचं नाव येतं, पण मंजुरी देण्याचा अधिकार ज्या गुप्त किल्लीवर चालतो ती जुन्या हँडसेटमध्येच राहते. नव्या फोनची नव्याने नोंदणी होईपर्यंत ते नाव नुसतं शोभेला असतं.

इथे पहिली पाहणी शेजाऱ्याच्या पडद्याची. १९ नोव्हेंबर २०१८ ला, सोमवारी, मायक्रोसॉफ्टची ही दुसऱ्या टप्प्याची सेवाच कोलमडली. भारतात तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि बिघाड जवळपास १४ तास चालला. असं काही असेल तर सगळ्यांचंच अडकतं, आणि आपण फोन कितीही रीसेट केला तरी उपयोग नसतो. शेजाऱ्याचं चालत असेल तर दोष आपल्या बाजूला. आपला मेल उघडतो आणि फक्त हजेरीचं ॲप उघडत नाही, असं असेल तर फोनचा संबंध नाही. त्या ॲपची परवानगी खात्यावरून निघाली असण्याची शक्यता जास्त. आणि फोनवर सहा आकडी कोड येतोय पण दर वेळी चुकीचा ठरतोय, तर फोनचं घड्याळ पाहावं. हे कोड तारीख-वेळेवरून बनतात आणि सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात. घड्याळ काही मिनिटं पुढेमागे असलं की बरोबर कोडही नाकारला जाऊ शकतो. वेळ 'ऑटोमॅटिक' केली की काम होतं.

आपल्या नमुन्यात यातलं काही नव्हतं. त्याने पडद्यावरच्या `I can't use my Microsoft Authenticator app right now` वर क्लिक केलं, तर दुसरा कुठलाच मार्ग नोंदवलेला नव्हता. मग त्याने ६:२५ ला घड्याळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढून टीएलला, म्हणजे टीम लीडरला दाखवला आणि टीएलने तीच वेळ शिफ्टच्या नोंदीत लिहिली. ही पायरी हेल्पडेस्कच्या आधीची. लोक उलट करतात: अर्धा तास हेल्पडेस्कच्या रांगेत घालवतात आणि आत शिरल्यावर, ७:०५ ला पंच करतात. मग महिनाअखेरीस ४० मिनिटांचा वाद घालायला हातात पुरावा उरत नाही.

हेल्पडेस्कला सांगताना त्याने 'लॉगिन होत नाही' असं म्हटलं नाही. तसं म्हटलं की पहिल्या फळीचा माणूस पासवर्ड रीसेट करून तिकीट बंद करतो, आणि अडचण तिथल्या तिथेच राहते. 'पासवर्ड बरोबर आहे, फोन बदलला, दुसऱ्या टप्प्याची पद्धत नव्याने नोंदवायची आहे' असं सांगितलं की तिकीट योग्य माणसाकडे जातं. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत यासाठी टेम्पररी ॲक्सेस पास असतो, म्हणजे ठरावीक वेळेपुरता चालणारा कोड. नेहमीच्या हेल्पडेस्क भूमिकेला पासवर्ड बदलता येतो, पण हा पास काढता येत नाही. त्याला वरचा अधिकार लागतो. ही वरची व्यक्ती रात्रपाळीला हजर असते का, हे कंपनीने आधीच पाहून ठेवायला हवं, आणि नेमकं तेच राहून गेलेलं असतं.

उलट फोन आला, टीएलने ओळख पटवली आणि पास मिळाला. त्याची मुदत सहसा एक तास असते. कंपनीला ती १० मिनिटांपासून ३० दिवसांपर्यंत ठरवता येते. तो टाकताच दार उघडलं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. हजेरी लावतात, कॉल घेऊ लागतात, पास संपतो, आणि मंगळवारी साडेसहाला पुन्हा तेच. पास एकदाच वापरायचा असेल तर पासवर्डविना चालणारी नवी पद्धत साइन-इननंतर दहा मिनिटांत नोंदवून टाकावी लागते. म्हणून आत गेल्याबरोबर `mysignins.microsoft.com/security-info` या पानावर `Add sign-in method` ने नवा फोन जोडायचा, यादीतला जुना हँडसेट काढून टाकायचा आणि जमल्यास दुसरी एखादी पद्धतही नोंदवून ठेवायची. त्यानंतर हजेरीच्या ॲपमध्ये दुरुस्तीचा अर्ज टाकायचा. त्यात वेळ ६:२५ लिहायची, कारण म्हणून तिकिटाचा क्रमांक द्यायचा आणि फोटो जोडायचा.

संपूर्ण हजेरी यंत्रणाच बसली तर काय, याचाही अनुभव आहे. ११ डिसेंबर २०२१ ला क्रोनॉस या हजेरी-सेवेच्या क्लाउडवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांसह कित्येक संस्थांना काही आठवडे कागदावर तास लिहून घ्यावे लागले. ज्यांच्याकडे छापील तक्ता आणि त्यावर सही करणारा माणूस ठरलेला होता, त्यांचा पगार हिशेबाने निघण्याची शक्यता तरी होती. बाकीच्यांना मागच्या पगाराचा आकडा पुन्हा देऊन वेळ मारून न्यावी लागली, आणि मधल्या ओव्हरटाइमचा हिशेब मागाहून मिटवत बसावं लागलं.