ठाण्याचे पाणी आणि चार कचेऱ्या

ठाणे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडून दर आठवड्याला निघणाऱ्या सूचना सलग काही महिने वाचल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. एका आठवड्यात कळवा, मुंब्रा आणि दिवा येथे चोवीस तास पाणी बंद असते आणि घोडबंदर रोडला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या आठवड्यात साकेत, सिद्धेश्वर, जॉन्सन या जलकुंभांवर पाणी येत नाही, पण दिव्याचे नळ चालू असतात. तिसऱ्या वेळी कोपरी, नौपाडा आणि किसननगर येथे दहा टक्के कपात होते आणि तिचा निर्णय ठाण्यात झालेलाच नसतो. सूचना महापालिकेची असली तरी पाणी चार वेगवेगळ्या मालकांचे आहे, हे या वेळापत्रकावरून दिसते. महानगर प्रदेशाच्या नियोजनात समन्वयाचा प्रश्न नेमका कोठे अडतो, हे समजून घेण्यासाठी मला याहून सोपे उदाहरण माहीत नाही.

ठाणे शहराला दररोज सुमारे 585 दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातले 250 दशलक्ष लिटर महापालिका स्वतःच्या योजनेतून, म्हणजे भातसा नदीवरील पिसे बंधाऱ्यातून उचलून टेमघर येथे शुद्ध करून आणते. 115 दशलक्ष लिटर स्टेम ही कंपनी शहाड येथे उल्हास नदीतून उपसून देते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, बारवी धरणाच्या जोरावर 135 दशलक्ष लिटर पुरवते आणि उरलेले 85 दशलक्ष लिटर मुंबई महापालिकेच्या वाहिन्यांतून येते. कागदावर हे चार स्रोत असल्यामुळे एखाद्याला वाटेल की एक आटला तरी बाकीचे तीन आहेत. परंतु भातसा ही उल्हासच्याच खोऱ्यातली नदी आहे आणि बारवीही उल्हासलाच मिळते, त्यामुळे मुंबईचा हिस्सा वगळला तर हे सारे पाणी एकाच खोऱ्यातले ठरते. मुंबईच्या हिश्शामागची धरणेही शेजारच्याच डोंगररांगांतली असून भातसा हे त्यांतले सर्वांत मोठे आहे. पाऊस लांबला की चारही ठिकाणी कमी-अधिक एकाच वेळी ओढ बसते. स्रोत वेगळे नाहीत, कचेऱ्या वेगळ्या आहेत.

आता या 585 आकड्याचे गणित करून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या 18.4 लाख होती. आज ती 26 लाख आहे असे केवळ हिशेबासाठी धरले, तर माणशी दररोज 225 लिटर पाणी येते. महानगरांसाठी सर्वसाधारणपणे माणशी 150 लिटरचे प्रमाण धरले जाते. म्हणजे एक तृतीयांश पाणी गळतीत आणि चोरीत गेले असे मानले, तरी शहराची गरज जेमतेम भागायला हवी. तरीही दिव्यात टँकर फिरतात आणि घोडबंदरच्या सोसायट्या पाणी विकत घेतात. यामागचे कारण असे की सरासरी काढताना सगळे पाणी एका हौदात आहे असे आपण गृहीत धरतो, तर प्रत्यक्षात एमआयडीसीचे पाणी खाडीपलीकडच्या कळवा-मुंब्रा-दिवा पट्ट्यात उतरते आणि मुंबई महापालिकेचे पाणी कोपरी-नौपाड्याच्या बाजूला. या जाळ्यांची उंची, दाब आणि वाहिन्यांचे व्यास निरनिराळे असून त्यांमध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर आहे, त्यामुळे एका बाजूला शिल्लक राहिलेले पाणी दुसऱ्या बाजूला वळवणे सहजी जमत नाही. शहराचा सरासरी आकडा खरा असतो, पण त्या आकड्याएवढे पाणी कोणत्याही एका वस्तीला मिळत नसते.

दर उन्हाळ्यात या रचनेची परीक्षा होते. उल्हास नदीवर बदलापूरपासून शहाडपर्यंत ओळीने उपसा केंद्रे आहेत. बदलापूरच्या बंधाऱ्यावर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, जांभूळ येथे एमआयडीसी, मोहिली येथे कल्याण-डोंबिवली महापालिका आणि शहाडला स्टेम पाणी उचलते. पावसाळा संपल्यावर नदीत वाहणारे पाणी मुख्यतः दोन ठिकाणचे असते, बारवी धरणातून सोडलेले आणि आंध्र धरणातून वीजनिर्मिती होऊन भिवपुरीला बाहेर पडणारे. यांपैकी आंध्र धरण टाटांच्या वीज प्रकल्पाचे आहे आणि बारवी एमआयडीसीचे. वरच्या केंद्राने मंजूर कोट्यापेक्षा अधिक पाणी उचलले तर खालच्याच्या पंपाला पाणी कमी पडते आणि नदीत रेषा आखता येत नाही, म्हणून पाटबंधारे खाते हिवाळ्यातच धरणांतला साठा मोजून तो 15 जुलैपर्यंत पुरवण्याचा हिशेब मांडते. साठा अपुरा दिसला की सर्व उपसा करणाऱ्यांना सारख्या प्रमाणात कपात ठरवून दिली जाते आणि ती पाळण्यासाठी प्रत्येक संस्थेला आठवड्यातला एक वार बंदसाठी मिळतो.

आठवड्यातून चोवीस तास बंद म्हणजे सातातला एक दिवस, अर्थात 14 टक्के कपात. पूर्ण बंद ठेवण्याची पद्धत ढोबळ असली तरी तिच्यामागे विचार आहे. रोज थोडे थोडे कमी सोडले, तर दाब घटतो, जवळच्यांना पाणी मिळत राहते आणि शेवटच्यांचे बंद होते, शिवाय कोणी खरोखर कपात केली का हे तपासणे अवघड असते. पंप बंद आहे की चालू, हे मात्र कोणालाही पाहता येते. एकमेकांवर पुरता विश्वास नसलेल्या संस्थांमध्ये तपासता येईल असाच नियम टिकतो.

पण याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. समजा एमआयडीसीने गुरुवारी मध्यरात्रीपासून शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत पाणी बंद केले. मुख्य वाहिनी रिकामी होते आणि ती पुन्हा भरून पुरेसा दाब यायला वेळ लागतो, म्हणून सूचनेत ‘पुढील एक-दोन दिवस पाणीपुरवठा कमी दाबाने होईल’ हे वाक्य हमखास असते. वाहिनीच्या सुरुवातीच्या वस्तीला पाणी शनिवारी पहाटे मिळाले आणि टोकाच्या वस्तीला ते बारा तासांनी पोहोचले, तर पहिल्या वस्तीचे 168 पैकी 24 तास गेले आणि दुसरीचे 36. पहिलीची कपात 14 टक्के, दुसरीची 21 टक्के. शिवाय रिकाम्या वाहिनीत दाब नसल्याने फटीतून गटाराचे पाणी आत शिरण्याचा धोका असतो. 2016 च्या उन्हाळ्यात बंदचे तास वाढत गेले, तेव्हा हा फरक आणखी रुंदावला.

सीमेच्या पलीकडे नवी मुंबई महापालिका आहे. तिने रायगड जिल्ह्यात खालापूरजवळ मोरबे धरण विकत घेतले आणि त्यामुळे शहराचा बराच भाग या कपातींच्या बाहेर राहतो. तरी दिघ्यासारख्या कळव्याला लागून असलेल्या पट्ट्यात एमआयडीसीचे पाणी असल्याने तिथे शेजारच्या कळव्याचेच वेळापत्रक लागू होते. नळाचा नकाशा आणि पालिकेचा नकाशा एकमेकांवर बसत नाहीत. माझ्या मते ही किरकोळ गैरसोय नव्हे, कारण दिघ्यातला नागरिक ज्याला मत देतो त्या नगरसेवकाच्या हाती त्याचा नळ नसतो. कोपरीतल्या रहिवाशाचे तेच. 2024 मध्ये मुंबईच्या धरणांतला साठा घटल्यावर मुंबई महापालिकेने 30 मेपासून पाच आणि 5 जूनपासून दहा टक्के कपात केली आणि ठाणे व भिवंडीला देत असलेल्या पाण्यावरही ती लावली. पाणी त्यांचे असल्याने तसे करणे त्यांच्या दृष्टीने रास्तच होते.

मग या सर्वांवर कोण आहे? मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, 1975 मध्ये स्थापन झाले आणि प्रदेशाचा आराखडा करणे हे त्याचे काम आहे. 1973 च्या पहिल्या आराखड्यानंतर दुसरा 1999 मध्ये आणि तिसरा 2021 मध्ये मंजूर झाला. प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत. परंतु या आराखड्यात जमिनीचा वापर ठरतो, पाण्याचा कोटा ठरत नाही, कारण कोणत्या संस्थेने किती उचलायचे ही मंजुरी जलसंपदा खाते देते. इमारतीला परवानगी महापालिका देते. धरणाची मालकी तिसऱ्याची असते. एमएमआरडीएकडे जमिनी भाडेपट्ट्याने देऊन आलेला पैसा आहे, पण या तिन्ही निर्णयांपैकी एकही त्याच्या पूर्ण अधिकारात नाही. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत असे म्हटले आहे. पण अशी समिती केवळ आराखड्याचा मसुदा करून पुढे पाठवते आणि तिच्या हाती ना पैसा ना पाणी.

जिथे प्राधिकरणाने पैसा आणि बांधकाम दोन्ही हाती घेतले, तिथे काम पुढे सरकले. सूर्या नदीवरील 403 दशलक्ष लिटरच्या योजनेत 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला असे वाटप आधीच ठरले होते आणि जलवाहिनी एकच होती. याउलट मुरबाड तालुक्यातील काळू धरणाला प्राधिकरणानेच पैसा द्यायचे ठरवले होते, तरी 2012 मध्ये वनखात्याच्या परवानगीवरून उच्च न्यायालयाने काम थांबवले. पैसा जमा झाला म्हणून जमीन आणि जंगल मिळतेच असे नाही. ज्यांची गावे बुडणार ते पाणी वापरणाऱ्या शहराबाहेरचे असतात आणि शहराच्या पाणी विभागाच्या खर्चात त्यांची किंमत आपोआप दिसत नाही.

बारवीच्या उंचीवाढीत हा प्रश्न थोडा वेगळ्या तऱ्हेने हाताळला गेला. बुडणाऱ्या घरांच्या मोबदल्यात धरणग्रस्त कुटुंबांतील व्यक्तींना नोकऱ्या द्यायच्या होत्या आणि त्या पाणी घेणाऱ्या पालिकांनी आपापल्या कोट्याच्या प्रमाणात सामावून घ्याव्यात असे ठरले. किती पाणी, तितक्या नोकऱ्या. कोट्यासाठी भांडणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याबरोबर येणारी देणीही मोजावी लागली. नोकऱ्या मिळायला वर्षे लागली, आणि 2019 च्या पावसाळ्यात बारवी नव्या उंचीपर्यंत भरले.

इमारतींच्या बाजूने असे प्रमाण बसवण्याची पद्धत ठाण्यात नव्हती. 2017 मध्ये घोडबंदर रोडवरील पाणीटंचाईवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या भागातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांना काही काळ लगाम घातला. अशा प्रकरणात दोन आकडे एकत्र पाहावे लागतात, किती सदनिकांना परवानगी दिली आणि त्यांच्यासाठी कोणत्या स्रोतातून किती पाणी धरले आहे. हे दोन स्तंभ शेजारी मांडायला नवे प्राधिकरण लागत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागाने परवानगीच्या प्रत्येक फायलीवर त्या भागातील जलकुंभाचे नाव, त्याला पाणी देणाऱ्या मालकाचे नाव आणि उरलेला कोटा लिहिला, तर दिव्यातील इमारत बारवीच्या पाण्यावर उभी राहते आहे हे फायलीतच दिसेल आणि एमआयडीसीकडे उरलेला कोटा शून्य असेल तर तेही तिथेच दिसेल.