सुमिमासेन: माफी, हाक आणि आभार

तोक्योतल्या एखाद्या इझाकायात, म्हणजे संध्याकाळी चार माणसं खायला-प्यायला बसतात तशा साध्या ठिकाणी, जरा कान देऊन बसा. गिऱ्हाईक हात वर करून हाक मारतं, "सुमिमासेऽऽन!" वाढणारी बाई येते. ऑर्डर देताना त्याच्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा ग्लास कलंडतो. तो चपापून मान झुकवतो, "आ, सुमिमासेन." बाई टेबल पुसते आणि न मागता हात पुसायला नवा ओला रुमाल आणून ठेवते. तो पुन्हा म्हणतो, "सुमिमासेन." दोन मिनिटांत तीन वेळा तोच शब्द. पहिल्यांदा "अहो, जरा इकडे या", दुसऱ्यांदा "चुकलं", तिसऱ्यांदा "आभारी आहे". शब्दकोश हे तीन वेगळे अर्थ म्हणून देतो. पण बोलणाऱ्याच्या डोक्यात तीन अर्थांचे तीन कप्पे असतील, असं मला वाटत नाही.

शब्दाच्या मुळाशी 'सुमु' हे क्रियापद आहे. संपणं, मिटणं, आणि आपल्या बोलीत ज्याला 'भागणं' म्हणतात ते. हजार येनमध्ये काम भागलं तर जपानी माणूस 'सेन एन दे सुंदा' म्हणेल. पैसे चुकते झाल्याच्या कागदावर याच क्रियापदाचं 'झुमी' हे रूप दिसतं, आणि कर्जफेडीसाठीच्या 'हेनसाई' या शब्दातही तीच चित्रलिपीतली खूण आहे. गढूळ पाणी निवळतं तेव्हाचं 'सुमु' वेगळ्या खुणेनं लिहितात, पण मूळ एकच मानलं जातं. सुमिमासेन हे या क्रियापदाचं आदरार्थी नकारी रूप. म्हणजे शब्दशः, "हे एवढ्यावर भागत नाही." हिशेब मिटत नाही, किंवा माझं मन निवळत नाही. दोन्ही वाचनं चालतात.

आता गंमत अशी, की या वाक्यात माफीही नाही आणि आभारही नाहीत. आहे ती फक्त एक नोंद: माझ्यामुळे तुम्हाला तोशीस पडली. ती तोशीस कधी पडते आणि तिच्यातून मला काही मिळतं का, यावर पुढचं सगळं ठरतं. इझाकायातल्या त्या गिऱ्हाइकाकडे पुन्हा बघा. हाक मारताना तोशीस अजून पडायची आहे, बाईला हातातलं काम सोडून यावं लागणार आहे. तिची आगाऊ कबुली म्हणजे 'एक्स्क्यूज मी'. पाणी सांडलं तेव्हा तोशीस पडली आणि त्यात फायदा कुणाचाच नाही; ती माफी झाली. रुमाल आला तेव्हा कष्ट तिचे आणि सोय त्याची. ते आभार झाले.

हे खरं असेल तर एक चाचणी लागू पडायला हवी. जिथे समोरच्याला काहीच तोशीस नाही, तिथे आभाराचं सुमिमासेन अडखळायला हवं. आणि अडखळतंच. परीक्षा पास झालेल्या मुलाला शेजाऱ्यानं 'ओमेदेतो', म्हणजे अभिनंदन, म्हटलं तर उत्तर 'आरिगातो गोझाइमास', म्हणजे धन्यवाद, असंच येतं. तिथे सुमिमासेन म्हटलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. पण तोच शेजारी अभिनंदनाबरोबर मिठाईचा डबा घेऊन दाराशी आला, तर सुमिमासेन चपखल बसतं, कारण आता त्यानं खर्च केला, पायपीट केली. ट्रेनमध्ये कुणी जागा दिली तर पुष्कळदा दोन्ही शब्द पाठोपाठ येतात, "सुमिमासेन, आरिगातो गोझाइमास." आधी तुमच्या तोशिशीची दखल, मग माझ्या सोयीचे आभार.

व्याकरणातही याचा एक पुरावा सापडतो. सुमिमासेनचा भूतकाळ 'सुमिमासेन देश्ता'. काम उरकल्यावर, निरोप घेताना, काल झालेल्या चुकीबद्दल तो सहज वापरता येतो, माफीसाठी आणि आभारांसाठीही. पण वाढणाऱ्या बाईला या रूपानं हाक मारता येत नाही. जी तोशीस अजून दिलेलीच नाही, ती भूतकाळात कशी टाकणार? विनंतीच्या वेळी उलट 'सुमिमासेन गा' असं म्हणून पुढचं बोलणं जोडतात. 'गा' म्हणजे 'पण'. "त्रास आहे खरा, पण..."

मराठी माणसाला हे समजायला फारसं जड जाऊ नये. काम सांगताना आपण "जरा त्रास देतो" म्हणतो आणि काम झाल्यावर "उगाच तुम्हाला त्रास दिला" म्हणतो. हे दुसरं वाक्य माफीचं दिसलं तरी असतं आभाराचंच. ज्यांच्याकडे गेलो त्यांना "कशाला एवढं केलंत?" विचारतो, तेही त्याच जातीचं. फरक इतकाच, की आपली ही वाक्यं घरगुती आणि सवडीची आहेत. जपानीत तीच भावना एका शब्दात आवळली गेली आणि रस्त्यावर, दुकानात, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांसाठी चलनी झाली.

इंग्रजीत शिरताना मात्र तो अडखळतो. मानसोपचारतज्ज्ञ ताकेओ दोई १९५० साली अमेरिकेत शिकायला गेले होते. वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांच्यासाठी काहीतरी केलं. नुसतं 'थँक यू' दोईंना वरिष्ठांसमोर अपुरं वाटलं, म्हणून ते म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी." डॉक्टरांनी चमकून विचारलं, "कशाबद्दल सॉरी?" दोईंनी पुढे परावलंबी जिव्हाळ्यावर जे विवेचन केलं, त्यात ही आठवण नोंदवली आहे. त्यांच्या मते या शब्दात एक धास्तीही असते: एवढा त्रास दिल्यावर या माणसाची माया आटू नये.

त्याआधी १९४६ साली अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी या शब्दाचं वर्णन जवळजवळ ऋणाच्या खातेवहीसारखं केलं होतं. वाऱ्यानं उडालेली टोपी अनोळखी माणसानं आणून दिली, तर जपानी माणसाला उपकाराचं ओझं वाटतं आणि ते फेडायची सोय नाही म्हणून तो सुमिमासेन म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. बेनेडिक्ट जपानला कधी गेल्या नव्हत्या. युद्धकाळात त्यांनी अमेरिकेतल्या जपानी लोकांशी बोलून आणि वाचून अभ्यास केला. शब्दाचं मूळ त्यांनी बरोबर पकडलं, पण वजन जरा जास्तच लावलं, असं माझं मत. पुढे भाषा-अभ्यासक रिसाको इदे यांनी तोक्योतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात हा शब्द प्रत्यक्ष कसा वापरला जातो ते टिपलं. तिथे पेशंट आणि कर्मचारी तो एकमेकांना जाता-येता म्हणत होते, निरोप घेताना, नुसता होकार म्हणूनही. दारात दोघं समोरासमोर आले की दोघंही म्हणणार. तिथे कोण कुणाचा ऋणी? घाईच्या बोलण्यात तर त्याचं 'सुइमासेन' होतं, 'मि'मधला 'म' झिजून जातो.

अर्थात झिजलेल्या शब्दाला भारी काम झेपत नाही. कंपनीच्या चुकीनं गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर सुमिमासेन फारच हलकं पडतं. तिथे 'मोशिवाके गोझाइमासेन' लागतं, म्हणजे "सांगायला सबबच नाही". कार्यालयातल्या नवख्यांना शिकवतात, की वरिष्ठांकडे किंवा गिऱ्हाइकाकडे काम मागताना सुमिमासेनऐवजी जास्त अदबीचं 'ओसोरे इरिमासु' म्हणा. दुसऱ्या टोकाला घरात, बायकोला किंवा सख्ख्या मित्राला, पुरं सुमिमासेन म्हटलं तर ते परकं वाटतं. तिथे माफीला 'गोमेन' आणि आभाराला 'आरिगातो' असे वेगवेगळे शब्द वापरतात. पुरुष क्वचित 'सुमानाइ' हे साधं रूप बरोबरीच्या किंवा हाताखालच्या माणसाला म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये, ओळख नाही पण गाठ पडते अशा माणसांमध्ये, सुमिमासेनचं राज्य चालतं. आणि ऐकणारा? त्याला ती माफी होती की आभार, हे ठरवायची फारशी गरजच पडत नाही. दोन्हीला तो हात हलवत एकच उत्तर देतो: "इये, इये." छे, छे, त्यात काय.