शुगर नॉर्मल आली म्हणून पेढे वाटू नका

डायलिसिस सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि घरात एक चांगली बातमी होती. नानांची (नाव अर्थातच बदललेलं) उपाशीपोटीची शुगर 92 आली. पंधरा वर्षांत ती कधी दीडशेच्या खाली उतरली नव्हती. एचबीए1सी 5.8. काकूंनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला तो जवळजवळ निकालपत्रासारखा. "डायलिसिसनं रक्त शुद्ध होतं ना डॉक्टर, त्यानं शुगरपण पळाली."

शुगर पळाली नव्हती. इन्सुलिन साचत होतं.

नाना पंधरा वर्षं मधुमेहाचे रुग्ण, वजन 58 किलो. रोज तीस-सत्तरचं मिक्स इन्सुलिन घ्यायचे, सकाळी 26 युनिट आणि रात्री 18. किडनी धडधाकट होती तेव्हा बसवलेला हा डोस किडनी बंद पडली तरी तसाच चालू होता. शुगर "छान" येत असल्यामुळे तो बदलावा असं कुणाला वाटलंही नाही. मलाही ते पहिल्या भेटीतच विचारायला हवं होतं.

इन्सुलिन शरीरात काम करतं हे सगळ्यांना माहीत असतं. काम झाल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ते मोडावं लागतं, नाहीतर सकाळच्या डोसनं संध्याकाळपर्यंत शुगर खाली ओढलीच असती. हे मोडण्याचं काम मुख्यतः दोन ठिकाणी चालतं, यकृतात आणि किडनीत. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं आणि तिथल्या पहिल्याच फेरीत सुमारे निम्मं संपतं. टोचलेल्या इन्सुलिनचा रस्ता वेगळा आहे. पोटाच्या कातडीखालून ते सरळ साऱ्या शरीराच्या रक्तात मिसळतं, यकृताची ती पहिली चौकी त्याला लागत नाही. त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या बाबतीत ते मोडण्याचा बराच मोठा भार किडनीवर पडतो.

इन्सुलिनचा रेणू लहान असल्यामुळे किडनीच्या गाळणीतून तो सहज खाली उतरतो. पण लघवीत मात्र तो जवळजवळ सापडत नाही. गाळणीला जोडलेल्या बारीक नळीच्या भिंतीतल्या पेशी त्याला आत ओढून घेतात आणि त्याचे तुकडे करतात. शिवाय त्याच पेशी बाहेरच्या बाजूनं, भोवतालच्या रक्तवाहिन्यांतूनही इन्सुलिन उचलतात. म्हणजे किडनी इन्सुलिन नुसतं गाळून फेकत नाही, ती ते अक्षरशः पचवते. निरोगी माणसाची किडनी दिवसाला साधारण सहा ते आठ युनिट अशी संपवते.

किडनी बिघडू लागली की हे काम लगेच थांबत नाही. गाळणी मंदावली तरी नळीच्या पेशी रक्तातून जास्त इन्सुलिन उचलून बराच काळ भरपाई करत राहतात. गाळण्याचा वेग मिनिटाला वीस मिलिलिटरच्या खाली गेला की मात्र तीही संपते आणि इन्सुलिन रक्तात रेंगाळू लागतं. म्हणून वर्षानुवर्षं चाललेला डोस अखेरच्या काही महिन्यांत अचानक जास्त ठरतो.

जुन्या घरातली मोरी तुंबते तेव्हा असंच होतं. बादली तीच, पाणीही तेवढंच ओतता. पण मागचं पाणी निघून जायच्या आत पुढची बादली ओतली की पाणी उंबऱ्यापर्यंत चढतं. नानांच्या सकाळच्या डोसचं शेपूट संध्याकाळपर्यंत लांबलं होतं, आणि त्यावर रात्रीचे 18 युनिट येऊन पडत होते.

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. डायलिसिस म्हणजे किडनीचंच काम ना, मग मशीन इन्सुलिन का काढत नाही? मशीन काढतं ते प्रामुख्यानं युरियासारखे अगदी छोटे रेणू, जादा पोटॅशियम आणि साठलेलं पाणी. इन्सुलिनचा रेणू युरियाच्या जवळजवळ शंभरपट जड. थोडंफार इन्सुलिन फिल्टरच्या पडद्याला चिकटून जातं, नाही असं नाही. पण नळीतल्या पेशी चोवीस तास जे पचवत होत्या, त्याची जागा आठवड्यातून दोन-तीनदा चार तास चालणारं यंत्र घेऊ शकत नाही.

किडनीचं आणखी एक काम मशीनला जमत नाही. किडनी साखर तयारही करते. रात्रभर उपाशी असताना रक्तात जी साखर सोडली जाते, तिचा साधारण पाचवा हिस्सा किडनीतून येतो, बाकीची यकृतातून. म्हणजे निकामी किडनीच्या माणसाचं पहाटे दोन्हीकडून नुकसान: इन्सुलिन उरतं जास्त आणि साखरेचा पुरवठा होतो कमी. त्यात भूक मेलेली, मळमळ, पथ्यापायी उतरलेलं जेवण.

रिपोर्ट दाखवून गेल्यावर चारच दिवसांनी नानांच्या घरी ते घडलं. रात्री आठला 18 युनिट घेऊन त्यांनी अर्धी भाकरी आणि थोडी दुधीची भाजी खाल्ली. तीस-सत्तरमधला सत्तर टक्के भाग संथ असतो, त्याचा जोर चार ते आठ तासांनी येतो, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे चार. दोन वाजता काकूंना जाग आली ती नाना असंबद्ध बडबडत होते म्हणून. उशी घामानं भिजलेली. ग्लुकोमीटरवर 38. छातीत धडधड नाही, हाताला कंप नाही. ते स्वाभाविकच होतं, कारण बीपीसाठी ते बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत होते आणि ती हीच दोन लक्षणं झाकते. घाम मात्र ती झाकत नाही, म्हणून डायलिसिसवरच्या माणसाचा रात्रीचा घाम उकाड्याच्या नावावर खपवू नये.

काकूंनी तीन चमचे ग्लुकोज पावडर अर्ध्या कप पाण्यात दिली. पंधरा मिनिटांनी 74. सगळे पुन्हा झोपले. साडेचारला पुन्हा 49.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा दुसरा आकडा. चांगल्या किडनीच्या माणसाची शुगर उतरली, साखर दिली, वर आली, की बऱ्याचदा प्रकरण संपतं. इथे साखर तासाभरात वापरून होते आणि इन्सुलिन अजून तिथेच असतं. म्हणून नुसत्या ग्लुकोजवर थांबायचं नाही. शुगर सत्तरच्या वर आली की पोळीचा तुकडा किंवा चार बिस्किटं खायला द्यायची आणि पुढचे काही तास दर तासाला बोट टोचून बघायचं. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न ओतता सरळ दवाखाना गाठायचा. शहाळं, मोसंबीचा रस यांचा मोह टाळावा. त्यांतलं पोटॅशियम डायलिसिसच्या माणसाला झेपत नाही, आणि पाणीही मोजूनच प्यायचं असतं. साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर बरी.

इन्सुलिनऐवजी ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड गोळ्यांवर असलेल्यांची गत याहून वाईट होऊ शकते. ही औषधंही अशा शरीरात साचतात आणि शुगर दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ पुन्हा पुन्हा पडते.

किडनी जाताना मधुमेह "बरा" होताना दिसतो, हे डॉक्टरांना जुनंच माहीत आहे. 1951 साली अमेरिकेत चार्ल्स झुब्रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किडनीचा आजार बळावलेल्या मधुमेहींमध्ये शुगर सुधारत जाते, अशी नोंद प्रसिद्ध केली होती.

आणि तो 5.8 चा एचबीए1सी? तो तर निम्मा फसवाच. लाल पेशी साधारण चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली हे ही तपासणी मोजते. डायलिसिसवर लाल पेशी लवकर मरतात, आणि हिमोग्लोबिन वाढवायच्या इंजेक्शनांमुळे नव्या, कोऱ्या पेशींची भर पडत राहते. साखर चिकटायला वेळच न मिळालेल्या पेशी मोजल्या तर आकडा कमीच येणार. अशा रुग्णात बोटावरच्या नोंदींची वही या रिपोर्टपेक्षा जास्त खरं सांगते.

मग डोस किती कमी करायचा? डॉक्टर ढोबळमानानं असा हिशेब धरतात: गाळण्याचा वेग 10 ते 50 च्या दरम्यान असेल तर एकूण इन्सुलिन पाव हिश्शानं कमी, दहाच्या खाली गेला तर निम्मं. यानं शुगर मोकाट सुटेल अशी भीती असते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किडनी अशक्त झालेल्या दाखल रुग्णांच्या एका गटाला किलोमागे अर्धा युनिट आणि दुसऱ्याला पाव युनिट दिलं. शुगरचा ताबा दोन्हीकडे सारखाच राहिला, पण 70 च्या खाली जाणारे पहिल्या गटात 30 टक्के होते, दुसऱ्यात सुमारे 16.

नानांचे 44 युनिट होते, ते 22 झाले. मिक्स बंद केलं, कारण त्यात संथ भाग आणि जलद भाग वेगवेगळे हलवता येत नाहीत. सकाळी 12 युनिट दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन, आणि जेवणाचं जलद इन्सुलिन 4, 3, 3, तेही जेवण झाल्यावर. कारण भुकेचा भरवसा नाही. पुढ्यातलं अर्धंच ताट संपलं तर डोसही निम्मा. हे नानांचं गणित आहे. दुसऱ्याच्या वजनाला, आहाराला, उरलेल्या लघवीला ते जुळेलच असं नाही, त्यामुळे आपली वही आपल्या डॉक्टरांना दाखवूनच डोस बदलावा.

डायलिसिसचा दिवस वेगळा धरावा लागतो. यंत्रातल्या द्रावणात साधारणपणे साखर 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. रक्तातली 200 असेल तर साखर पडद्यातून द्रावणाकडे वाहत जाते. द्रावण बिनसाखरेचं असेल तर एका बैठकीत 15 ते 30 ग्रॅम साखर निघून जाऊ शकते. शिवाय डायलिसिसनंतर शरीर इन्सुलिनला पुन्हा नीट दाद देऊ लागतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या दहा-एक रुग्णांच्या छोट्या अभ्यासात डायलिसिसनंतर पायाभूत, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची गरज पाव हिश्शानं घटलेली दिसली. म्हणून नानांचे त्या दिवशीचे 12 चे 9 केले.

त्या दिवशीची मोठी चूक खुर्चीवरच होते. तिसऱ्या तासाला घाम, डोळ्यांपुढे अंधारी, जीव घाबरा. युनिटमध्ये याचा पहिला अर्थ "बीपी पडलं" असाच लावला जातो. पाय वर करतात, सलाईन सोडतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण शुगर पडल्यावर चेहरा अगदी तसाच दिसतो. फरक सांगते ती फक्त ग्लुकोमीटरची पट्टी. डायलिसिसच्या सुया लावायचा फिस्टुला नसलेल्या हाताचं बोट टोचायला अर्धं मिनिट लागतं.

पहिल्या शिफ्टला येताना नाना आता वही आणतात. परवाच्या पानावर मशीनला लावताना 168, दोन तासांनी 121, सुटताना 104 असे आकडे होते. रिपोर्टवरचा एचबीए1सी 7.2 झाल्यामुळे काकू जरा नाराज आहेत. नाना मात्र म्हणाले, पहाटे आता उशी कोरडी असते.