पपईचा चीक आणि सोनोग्राफीवरचा आकडा

मटण जून निघाले, तर हिरव्या पपईचा कीस चोळून ते थोडा वेळ मुरवत ठेवावे म्हणजे लवकर शिजते, हे कोल्हापुरातल्या स्वयंपाकघरांत वेगळे सांगावे लागत नाही. त्याच घरातल्या सुनेला दिवस गेले, की पपई, अननस आणि तीळ तिच्या ताटातून बाजूला काढले जातात, कारण हे तिन्ही पदार्थ ‘उष्ण’ असून त्यांनी गर्भ पडतो अशी समजूत आहे. मटण मऊ करणारी आणि गर्भाला बाधणारी अशी पपईची जी दोन रूपे आपण मानतो, त्यांचे मूळ एकाच पदार्थात आहे. तो पदार्थ म्हणजे कच्च्या पपईचा चीक, आणि या समजुतीत खरे किती व कुठपर्यंत, हे त्याच्यावरूनच ठरवता येते.

हिरव्या पपईच्या सालीवर नखाने ओरखडा काढला, तर क्षणात पांढरे, दुधासारखे थेंब वर येतात आणि बोटाला चिकटतात. हा चीक सालीलगतच्या बारीक नळ्यांत असतो आणि त्यात पपेन, कायमोपपेन यांसारखी प्रथिने तोडणारी विकरे असतात. मटणाचे तंतू सैल पडतात ते यांच्यामुळेच. फळ पिकू लागले की चीक कमी होत जातो आणि पूर्ण पिकलेल्या, गर पिवळा-केशरी झालेल्या पपईत तो जवळजवळ उरत नाही. म्हणून मंडईतून आणलेली पपई पिकलेली आहे की नुसती वरून पिवळी पडली आहे, हे ओळखायचे असेल, तर देठाजवळ चीर देऊन पाहावे. पांढरा चीक पाझरला, तर ती अजून कच्ची आहे.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील अदेबियी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच फरक तपासला आणि २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या गर्भाशयाच्या पट्ट्या शरीराबाहेर द्रावणात जिवंत ठेवल्या आणि त्यांवर एकदा पिकलेल्या पपईचा रस, तर एकदा कच्च्या पपईचा चीक टाकून पाहिला. पिकलेल्या रसाने पट्टी आकसली नाही. चिकाने मात्र ती जोराने आकसली, आणि हे आकुंचन प्रसूतीच्या कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन व प्रोस्टाग्लँडिन यांनी होणाऱ्या आकुंचनासारखे होते. शिवाय त्यांनी गरोदर माद्यांना पिकलेली पपई खाऊ घातली. त्यांच्या पोटातील जिवंत गर्भांच्या संख्येत इतर माद्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे आपल्या आज्या कच्च्या पपईविषयी सावध होत्या, त्याला आधार आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणावेसे वाटते. ती सावधगिरी पिकलेल्या फळालाही लावली गेली, तिथे चूक झाली.

तरीही या प्रयोगाची मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. पट्टीवर थेट टाकलेला चीक आणि खाल्लेली भाजी या सारख्या गोष्टी नव्हेत, कारण खाल्लेल्या विकरांचा बराचसा भाग पोटात इतर प्रथिनांप्रमाणेच पचून जातो. त्यातच गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशय शांत असते आणि कळा आणणाऱ्या द्रव्यांना ते शेवटच्या महिन्यांइतके जुमानत नाही. गर्भवतींना मुद्दाम कच्ची पपई खाऊ घालून पाहण्याचा प्रयोग नीतीने करता येत नाही, म्हणून कच्ची आणि अर्धकच्ची पपई टाळावी हाच सल्ला योग्य ठरतो, आणि ती टाळण्यात कोणाचे नुकसानही नाही. पिकलेली पपई मात्र गरोदरपणात नेहमीच्या प्रमाणात खाता येते. रबराची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी तीही जपून खावी, कारण रबराचा चीक आणि पपई यांची ॲलर्जी एकाच व्यक्तीत आढळू शकते.

अननसावर आरोप येतो तो त्यातील ब्रोमेलेन या विकरामुळे. गोळ्यांसाठी हे विकर मुख्यतः अननसाच्या खोडातून काढतात. फळाच्या चार फोडी खाल्ल्याने पोटात जाणारी मात्रा त्या मानाने अल्प असते, आणि त्याने गर्भपात होतो असा पुरावा माणसांत नाही. विशेष म्हणजे पपई आणि अननस ही दोन्ही फळे अमेरिका खंडातली असून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली, तेव्हा त्यांविषयीचे पथ्य फार प्राचीन असू शकत नाही. तीळ मात्र खरोखर याच मातीतले. त्यात चिकासारखे काहीही नाही, आणि तीळ खाल्ल्याने गर्भ पडतो याला विश्वासार्ह पुरावा नाही. उलट त्यात कॅल्शियम आणि लोह भरपूर असते. ॲलर्जी नसेल, तर संक्रांतीचा तिळगूळ गरोदर सुनेच्या हातावर ठेवायला हरकत नाही.

मग पपई खाल्ली आणि चार दिवसांत रक्तस्राव झाला, ही घटना कशी समजावी? शुक्रवार पेठेतल्या एका घरातली सून डोळ्यांसमोर आणू. शेवटच्या पाळीपासून मोजले तर तिला ९ आठवडे २ दिवस झाले आहेत. रविवारी तिने पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या, बुधवारी डाग दिसला, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आले, ‘पपई बाधली.’ सोनोग्राफीत गर्भाची लांबी ८ मिलिमीटर भरली आणि हृदयाचे ठोके दिसले नाहीत. ९ आठवड्यांच्या पुढे गेलेला गर्भ साधारण २५ मिलिमीटर असायला हवा. ८ मिलिमीटर ही लांबी ६ आठवडे ५ दिवसांची आहे. म्हणजे वाढ थांबून सुमारे १८ दिवस झाले होते आणि पपई खाल्ली तीन दिवसांपूर्वी. गर्भ थांबला की त्याच्याकडून येणारे संप्रेरक हळूहळू घटते, गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि रक्तस्राव कितीतरी दिवसांनी दिसतो. पाळी अनियमित असेल, तर आठवड्यांची ही मोजणी चुकू शकते. म्हणून आधीची सोनोग्राफी असल्यास तिच्याशी ताडून पाहतात आणि शंका राहिली, तर काही दिवसांनी पुन्हा तपासतात.

लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी १० ते २० टक्के गर्भपातात संपतात, बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत, आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ही चूक बहुधा बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळीच घडलेली असते. त्या सुनेने नंतर काय खाल्ले, याने ती ना घडते ना दुरुस्त होते. घरात बाई हुंदके देत असताना सासूबाईंनी किंवा जाऊबाईंनी ‘तू पपई का खाल्लीस’ असे विचारणे तिच्यावर उघड अन्याय आहे, आणि तो प्रश्न पुढे कित्येक वर्षे ती स्वतःलाच विचारत राहते.

या समजुतीचा एक धोका शरीराचाही आहे. डाग दिसल्यावर ‘उष्णता पडली’ म्हणून सब्जाचे पाणी देत दोन दिवस वाट पाहिली, तर गर्भनलिकेतला गर्भ असल्यास ती नलिका फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि बाईच्या जिवावर बेतते. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, खांद्यात कळ, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव यांपैकी काहीही असले, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. जाताना रक्तगट लिहिलेला कागद सोबत न्यावा, कारण आईचा गट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते डॉक्टरांना ठरवावे लागते, आणि द्यायचे झाल्यास ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते.